सदस्य किती महिने टिकतात, आणि त्यांना कधी गाठायचं?

प्रश्न: आम्ही लहान मुलांसाठी मराठी गोष्टी ऐकवणारं ॲप चालवतो. महिन्याला ₹१४९, पैसे यूपीआय ऑटोपेने किंवा कार्डाने आपोआप कापले जातात. १८ महिन्यांत ४,२०० जणांनी पैसे भरले, त्यातले १,९०० आज चालू आहेत. सोडून गेलेले सरासरी ३ महिने टिकले. पण महिन्याची गळती ९ टक्के आहे, म्हणजे १ भागिले ०.०९ केलं तर आयुष्य ११ महिने येतं. खरं कुठलं? साहेबांचं म्हणणं, ज्या अर्थी सरासरी ३ महिने आहे त्या अर्थी तिसऱ्या महिन्यात सवलतीचा मेसेज पाठवू. हे बरोबर आहे का?

उत्तर:

दोन्ही आकड्यांचा हिशेब बरोबर आहे, पण तुम्हाला जे हवंय ते दोन्हींत नाही. ३ महिने ही फक्त गेलेल्यांची सरासरी आहे. ज्यांना अजून जायचंय ते १,९०० जण त्यात धरलेलेच नाहीत आणि जास्त टिकणारे नेमके तेच आहेत. ११ महिने हा आकडा खरा ठरायला प्रत्येक महिन्यात सारख्याच प्रमाणात माणसं गळायला हवीत. पहिल्या महिन्याची गळती आणि दहाव्या महिन्याची गळती एक असेल तरच तो भागाकार चालतो, आणि मी बारा वर्षं असल्या धंद्यांचे आकडे बघतेय, मला असं एकदाही दिसलेलं नाही.

खरी अडचण अशी की १,९०० जणांची गोष्ट अर्धीच माहीत आहे. जो दोन महिन्यांपूर्वी आला तो 'निदान दोन महिने टिकला' एवढंच आपण म्हणू शकतो. त्याला 'दोन महिने टिकला' म्हणून मोजलं तर आयुष्य कमी दिसतं, आणि अजिबात मोजलंच नाही तरीही कमी दिसतं. या अपूर्ण नोंदीतून जेवढी माहिती मिळते तेवढीच घ्यायची, जास्तही नाही आणि कमीही नाही, याची रीत एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी १९५८ साली एकत्र लिहिलेल्या लेखात मांडली. कॅप्लन बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत समुद्राखालच्या केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती काळ चालतात हे बघत होते, मायर यांच्यासमोर कर्करोगाचे रुग्ण होते. चाचणी संपली तरी चालूच राहिलेली ट्यूब आणि तुमचा आज चालू असलेला सदस्य, हिशेबाच्या दृष्टीने दोघांत काही फरक नाही.

ही रीत आधी हाताने करून बघा. प्रोग्रॅम चालवण्याआधी मी प्रत्येक नवीन सहकाऱ्याला कागदावर हे करायला लावते, कारण एकदा हाताने केलं की पुढे चुका लगेच डोळ्यांत भरतात.

दहा सदस्य घ्या. पाच जण गेले: दोघं पहिल्या महिन्यानंतर, एक दुसऱ्यानंतर, एक तिसऱ्यानंतर, एक पाचव्यानंतर. उरलेले पाच अजून चालू आहेत, आणि त्यांचे आजपर्यंत अनुक्रमे २, ४, ६, ८ आणि ९ महिने झालेत. गेलेल्यांची सरासरी काढली तर २.४ महिने.

आता महिन्यामागून महिना चालत जाऊ. पहिल्या महिन्याच्या शेवटी दहाही जण हजेरीत होते, दोघं गेले, म्हणजे ८० टक्के टिकले. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी आठ जण हजेरीत, एक गेला. आठांतले सात टिकले, म्हणून ८० टक्क्यांना ७/८ ने गुणायचं: ७० टक्के. इथे तो दोन महिन्यांचा चालू सदस्य हजेरीतून बाहेर पडतो. तो गेलेला नाही, त्याचा तिसरा महिना अजून उजाडलेला नाही एवढंच. म्हणून तिसऱ्या महिन्याला हजेरीत सहा जण, एक गेला, ७० गुणिले ५/६, म्हणजे ५८ टक्के. चौथ्याला कुणीच गेलं नाही, पण चार महिन्यांचा चालू सदस्य हजेरीतून उतरला. पाचव्याला चार जण, एक गेला, ५८ गुणिले ३/४, म्हणजे साधारण ४४ टक्के. पुढे कुणी गेलेलं नाही.

हे टक्के महिन्यांप्रमाणे आलेखावर मांडले की खाली उतरत जाणारी एक रेघ मिळते, आणि पाचव्या महिन्याला ती ५० टक्क्यांच्या खाली आली. निम्मे सदस्य पाच महिन्यांच्या आत जातात, असं उत्तर निघालं. गेलेल्यांची सरासरी मात्र २.४ सांगत होती. आणि आणखी एक बघा: 'दहातले पाच चालू आहेत, म्हणजे ५० टक्के टिकतात' असं कुणी म्हटलं तर तेही चूक आहे, कारण त्या पाचातल्या दोघांना पाचवा महिना बघायलाच मिळालेला नाही. एक साधी चूक आयुष्य कमी दाखवते, दुसरी जास्त दाखवते. हजेरी नीट मोजली की दोन्ही टळतात.

तुमच्या डेटावर हेच करायला पायथनमध्ये `lifelines` पुरतं. `df` या तक्त्यात दर सदस्याची एक ओळ करा. `mahine` या रकान्यात किती महिने दिसला आणि `gela` या रकान्यात गेला असेल तर १, चालू असेल तर ०.

```python
from lifelines import KaplanMeierFitter

kmf = KaplanMeierFitter()
kmf.fit(df["mahine"], event_observed=df["gela"])
print(kmf.event_table)
print(kmf.median_survival_time_)
```

आलेखाआधी `event_table` बघा. त्यात प्रत्येक महिन्याला हजेरीत किती आणि गेले किती हे छापून येतं. निर्णय याच तक्त्यावरून घ्यायचे असतात.

तुमचा डेटा माझ्यासमोर नाही. पण तुम्ही दिलेले तिन्ही आकडे एकत्र जुळतील अशी गळती मी कागदावर बसवून पाहिली. दर महिन्याला साधारण २३३ नवे सदस्य आले असं धरलं. पहिल्या महिन्याच्या शेवटी २८ टक्के गळतात, दुसऱ्याच्या शेवटी उरलेल्यांतले १४, तिसऱ्याला ९, चौथ्याला ६ आणि पुढे दर महिन्याला ५ टक्के, असं घेतलं. या एकाच गळतीतून आज चालू सदस्य सुमारे १,९०० निघतात, गेलेल्यांची सरासरी ३ महिने निघते आणि महिन्याची एकूण गळती ९ टक्के निघते. तुमचे एकमेकांशी भांडणारे आकडे एकाच रेघेच्या पोटातून आलेले असू शकतात. हीच तुमची खरी रेघ आहे असं मी म्हणत नाही, ती तुमच्या तक्त्यातूनच येईल. पण आकार असाच असण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून पुढचं बोलणं याच आकड्यांवर करते.

या रेघेनुसार पहिल्या महिन्यानंतर ७२ टक्के उरतात, दुसऱ्यानंतर ६२, तिसऱ्यानंतर ५६, पाचव्यानंतर जेमतेम ५० आणि सहाव्यानंतर ४८. म्हणजे निम्मे सदस्य साधारण सहा महिन्यांत गेलेले असतात. 'सरासरी आयुष्य' हा शब्द मात्र मी वापरणार नाही, कारण १८ महिन्यांपलीकडे रेघ कुठे जाते हे तुम्ही पाहिलेलंच नाही. त्याऐवजी 'पहिल्या १२ महिन्यांत एक सदस्य सरासरी किती महिने पैसे भरतो' हे काढा. रेघेखालचं १२ महिन्यांपर्यंतचं क्षेत्रफळ म्हणजे तो आकडा. इथे तो साडेसहा महिने येतो. ₹१४९ च्या दराने एका सदस्यामागे पहिल्या वर्षात सुमारे ₹९७० आले. नवा सदस्य आणायला किती खर्च करायचा, ही चर्चा या आकड्यावर करा. ११ महिन्यांवर केली तर जाहिरातीत पैसे बुडतील.

९ टक्क्यांच्या आकड्यात आणखी एक धोका आहे. समजा पुढच्या महिन्यात तुम्ही शाळांच्या सुट्टीत मोठी जाहिरात केली आणि २३३ ऐवजी ४६६ नवे सदस्य आले. सदस्यांच्या वागण्यात तसूभरही बदल झाला नाही, तरी हजेरीत पहिल्या महिन्यातली माणसं दुप्पट झाली, आणि एकूण गळती ९ वरून जवळपास ११ टक्क्यांवर जाईल. मीटिंगमध्ये सगळे घाबरतील, कुणीतरी ॲपच्या नव्या रचनेला दोष देईल. उलट जाहिरात बंद केली की गळती आपोआप कमी होईल आणि कुणाला तरी शाबासकी मिळेल. म्हणून गळती नेहमी सदस्याला येऊन किती महिने झाले त्याप्रमाणे बघा, सगळ्यांची एकत्र कधीच नको.

आता तुमच्या साहेबांच्या मेसेजकडे येऊ. तिसरा महिना सुरू होतो तेव्हा शंभरातले ३८ जण आधीच गेलेले आहेत. पहिल्या सहा महिन्यांत जे ५२ जातात त्यातले २८ तर पहिल्याच नूतनीकरणाला गेले. तिसऱ्या महिन्यातला मेसेज ज्यांच्यापर्यंत पोचेल ते बहुतेक राहणारेच आहेत, आणि सवलत त्यांच्याच खिशात जाईल.

मग पहिल्या महिन्यात पाठवायचा का? हो, पण कुठल्या दिवशी आणि कुणाला, हे ठरवायला अजून दोन गोष्टी उलगडाव्या लागतील.

पहिली गोष्ट म्हणजे जाण्याची तारीख कोणती धरायची. बहुतेक ठिकाणी भरलेला महिना संपला ती तारीख धरलेली असते, कारण पैशाच्या नोंदीत तीच मिळते. पण निर्णय आधीच झालेला असतो. ऑटोपे बंद केल्याची तारीख तुमच्याकडे असेल तर पहिल्या ३० दिवसांतल्या कोणत्या दिवशी किती जणांनी बंद केलं, याचे खांब काढा. मी असा आलेख जेव्हा जेव्हा काढलाय तेव्हा दोन उंच खांब दिसले आहेत. एक पहिल्या दोन-तीन दिवसांत आणि दुसरा अगदी शेवटी. मधले तीन आठवडे जवळजवळ सपाट.

शेवटच्या खांबाचं कारण सरळ आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपोआप वजावट होण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते. 'उद्या ₹१४९ कापले जातील' हे वाचल्यावर ज्याला ॲप विसरायला झालं होतं त्याला ते आठवतं, आणि तो बंद करतो. सूचनेनंतर पाठवलेला तुमचा मेसेज म्हणजे वरात निघून गेल्यावर मांडव घालण्यासारखं आहे. काही करायचं असेल तर ते सूचनेच्या चार-पाच दिवस आधी व्हायला हवं, आणि त्यात सवलतीपेक्षा मुलाने गेल्या महिन्यात कोणत्या गोष्टी ऐकल्या आणि पुढे कोणत्या येणार आहेत हे असावं.

पहिल्या दिवसांचा खांब मला बराच काळ कळत नव्हता. आम्ही एका ॲपसाठी अशा शंभरेक जणांना फोन केले होते. ठाण्याच्या एक ताई म्हणाल्या, "अहो, ॲप छान आहे, मुलगी रोज ऐकते. पण पैसे आपोआप कापले जातात ते नको वाटतं. विसरायला नको म्हणून त्याच दिवशी बंद करून टाकलं." त्या नंतर महिनाभर रोज ॲप वापरत होत्या. आमच्या तक्त्यात मात्र त्या '३० व्या दिवशी गेलेल्या' होत्या आणि आम्ही त्यांना २७ व्या दिवशी 'आम्हाला सोडून जाऊ नका' असा मेसेज पाठवत होतो. त्यांना हवं होतं ते अगदी साधं: सहा महिन्यांचे पैसे एकदा भरायचे, ऑटोपे नको. तो पर्याय ॲपच्या तळाशी कुठेतरी लपलेला होता. अशा माणसाला गाठायची वेळ म्हणजे ऑटोपे बंद केल्याची घडी, त्याच पडद्यावर.

दुसरी गोष्ट म्हणजे गेले ते स्वतःहून गेले की पैसे अडकले म्हणून गेले. पेमेंट चालवणाऱ्या कंपनीकडून येणाऱ्या कारणांचे तीन ढीग करा: खात्यात पुरेसे पैसे नव्हते, बँकेकडून उत्तर आलं नाही किंवा तांत्रिक अडचण, आणि ग्राहकाने मॅन्डेट, म्हणजे आपोआप वजावटीची दिलेली परवानगी, रद्द केलं. तिसऱ्या ढिगात फसू नका. यूपीआयमध्ये ग्राहक आपल्या पैशाच्या ॲपमधूनच मॅन्डेट रद्द करू शकतो, तुमच्या ॲपला हातही न लावता. तुमच्याकडे ते 'वजावट फसली' म्हणून येतं, पण तो स्वतःहून गेलेला माणूस आहे. पहिले दोन ढीग मात्र वेगळे. या लोकांनी काही ठरवलेलंच नाही, त्यांना सवलत देणं म्हणजे पैसे वाया घालवणं. त्यांच्यासाठी वजावटीची तारीख महिनाअखेरीवरून पगारानंतरच्या दिवसांवर नेणं, पुन्हा प्रयत्न करणं आणि एका टिचकीत पैसे भरता येतील अशी लिंक पाठवणं एवढं पुरे.

इथे हिशेबात एक सूक्ष्म चूक होते, ती दाखवते. समजा १०० सदस्य आहेत. पहिल्या महिन्यात २० जणांचे पैसे अडकले, १० स्वतःहून गेले, ७० उरले. दुसऱ्यात १४ अडकले, ७ गेले. स्वतःहून गेलेले एकूण १७. पण 'मला फक्त स्वतःहून जाणारे बघायचेत' म्हणून पैसे अडकलेल्यांना अपूर्ण नोंद धरून वरची रीत चालवली तर १० टक्के आणि पुन्हा १० टक्के, म्हणजे १९ टक्के येतात. तसंच अडकलेल्यांचं केलं तर ३४ ऐवजी ३६ येतात. दोन्हींची बेरीज ५५, आणि प्रत्यक्षात गेले ५१. कारण ज्याचे पैसे पहिल्याच महिन्यात अडकले तो दुसऱ्या महिन्यात स्वतःहून जाऊ शकत नाही, आणि ही रीत त्याला अजून शर्यतीत धरते. बारा महिन्यांत हा फरक चांगलाच फुगतो. `lifelines` मधलं `AalenJohansenFitter` दोन्ही कारणं एकत्र धरून बरोबर वाटणी करतं. ते वापरायचं नसेल तर एकूण रेघ एकच ठेवा आणि दर महिन्याच्या गळतीत कोणत्या कारणाचे किती, एवढं मोजा. माझं निम्मं काम त्यावरच भागतं.

पैसे अडकलेल्यांतले काही आठवड्याभरात परत येतात, त्यामुळे 'गेला' कधी म्हणायचं हे ठरवावं लागतं. मी साधारण ३० दिवस वाट बघते. त्यात परत आला तर तो गेलाच नव्हता असं धरते. पण मग शेवटच्या ३० दिवसांत ज्यांचे पैसे अडकले त्यांच्याबद्दल आज निकाल देता येत नाही. म्हणून सगळा हिशेब आजच्या तारखेला न करता ३० दिवस मागे जाऊन त्या तारखेला करायचा. हे विसरलं की शेवटच्या महिन्यात एकतर गळती अचानक वाढलेली दिसते किंवा अचानक थांबलेली, आणि दोन्ही खोटं असतं.

आता रेघेच्या आकाराबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज. गळती २८ वरून ५ टक्क्यांवर उतरते हे बघून लोक म्हणतात, 'चार महिने कसाबसा टिकवला की माणूस आपला होतो.' आणि मग चार महिने फुकट द्यायची योजना निघते. हे खरं असेलही, पण रेघेवरून ते सिद्ध होत नाही. सदस्यांचे दोन प्रकार आहेत असं धरा. निम्मे दर महिन्याला ४० टक्क्यांनी गळतात, निम्मे ५ टक्क्यांनी, आणि दोघांपैकी कुणाचाही स्वभाव काळाबरोबर बदलत नाही. पहिल्या महिन्याला एकूण गळती साडेबावीस टक्के दिसेल, दुसऱ्याला साडेअठरा, तिसऱ्याला पंधरा. रेघ सपाट होत जाते, कारण चंचल माणसं आधी निघून जातात आणि मागे स्थिर माणसं उरतात. चंचल माणसाला चौथ्या महिन्यापर्यंत ओढत नेलं तरी तो पाचव्याला तेवढ्याच तयारीने जाईल. म्हणून आधी सदस्य कुठून आले त्याप्रमाणे रेघा वेगळ्या काढा: जाहिरातीतून आलेले, शाळेच्या शिफारशीने आलेले, सणाच्या सवलतीत आलेले. सवलतवाल्यांची रेघ वेगळीच खाली घसरताना दिसली तर उपाय आणण्याच्या वाटेवर करायचा, टिकवण्याच्या वाटेवर नाही.

उपाय केल्यावर तो लागू पडला का, हे तपासताना माझी एक जुनी चूक सांगते. एका शैक्षणिक ॲपसाठी काम करत असताना समुपदेशक सदस्यांना फोन करायचे. आम्ही रेघा काढल्या, आणि फोन आलेले सदस्य न आलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त टिकताना दिसले. मीच तो आलेख वरिष्ठांसमोर मांडला. फोन करणारी माणसं वाढवली गेली. सहा महिन्यांनी गळती होती तिथेच होती. मग लक्षात आलं की फोन चौथ्या महिन्यात जायचे. ज्याला फोन आला तो चार महिने टिकलेला असणारच. पहिल्या-दुसऱ्या महिन्यात गेलेले सगळे आपोआप 'फोन न आलेल्या' गटात पडत होते. दोन्ही गटांचं घड्याळ चौथ्या महिन्यापासून सुरू केलं तेव्हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. 'ज्यांनी अमुक सोय वापरली ते जास्त टिकतात' असं कुणीही सांगितलं की मी आधी हेच विचारते: ती सोय वापरायला मुळात किती दिवस टिकावं लागतं?

यावर खात्रीचा इलाज म्हणजे नवीन सदस्य येताच चिठ्ठी टाकून दोन गट करायचे. एकाला उपाय, दुसऱ्याला काही नाही, आणि दोघांचं घड्याळ पहिल्या दिवसापासून. पण तुमच्या आकाराला हे किती झेपेल ते बघा. पहिल्या महिन्याची गळती २८ वरून २३ टक्के झाली हे भरवशाने ओळखायला प्रत्येक गटात सुमारे १,२०० सदस्य लागतात. महिन्याला २३३ येतात, म्हणजे तेवढे जमायलाच दहा महिने लागतील. २८ वरून १८ वर आणणारा उपाय असेल तर गटाला २८० जण पुरतात, ते अडीच महिन्यांत जमतील. म्हणून मेसेजचा मजकूर दोन तऱ्हांनी लिहून कोणता चांगला हे तपासत बसू नका, तेवढा फरक तुमच्या संख्येत दिसणारच नाही. एकदाच पैसे भरायचा पर्याय पुढे आणणं, वजावटीची तारीख बदलणं, अशा मोठा फरक पाडू शकणाऱ्या गोष्टी एकेक करून तपासा.

निकाल वाचतानाही पहिल्या महिन्यावर थांबू नका. सवलत दिली की पहिल्या नूतनीकरणाला रेघ हमखास वर उचललेली दिसते. मग सवलत संपते, तिसऱ्या-चौथ्या महिन्याला ती माणसं जातात, आणि सहाव्या महिन्याला दोन्ही रेघा पुन्हा एकत्र येतात. असं झालं तर तुम्ही गळती थांबवली नाही, फक्त पुढे ढकलली, आणि मधल्या महिन्यांचे पैसेही कमी घेतले. दोन रेघांमधली सहा महिन्यांपर्यंतची मोकळी जागा म्हणजे वाढलेले महिने. त्याला प्रत्यक्ष मिळालेल्या दराने गुणा आणि उपायाचा खर्च वजा करा.

रेघेच्या उजव्या टोकावर फार विसंबू नका. तुमच्याकडे १८ महिने असले तरी १५ महिने पूर्ण झालेले सदस्य फक्त सुरुवातीच्या महिन्यांत आलेलेच असणार. तेव्हाचे सदस्य बहुधा ओळखीपाळखीतून आलेले, म्हणजे आजच्यांपेक्षा वेगळे. हजेरीत शंभराहून कमी उरले की त्यापुढची रेघ मी छापतच नाही.

साहेबांना एवढंच सांगा की मेसेज जाऊ दे, पण तिसऱ्या महिन्याऐवजी पहिल्याच महिन्यात, २४ व्या-२५ व्या दिवशी, आणि चिठ्ठी टाकून निम्म्यांनाच. सवलतीच्या जागी मुलाने ऐकलेल्या गोष्टींची यादी आणि सहा महिन्यांचे पैसे एकदम भरायची सोय. त्याआधी या आठवड्यात ऑटोपे बंद केल्याच्या दिवसांचे खांब काढा. पहिल्या तीन दिवसांचा खांब दुसऱ्यापेक्षा उंच निघाला, तर २४ व्या दिवसाचा मेसेजही उशिराचाच आहे, आणि काम पैसे भरायच्या पडद्यापासून सुरू करावं लागेल.